भाईदास नानांची फुंक

भाईदास नाना सोळा महिने प्यायले नव्हते. हे त्यांच्या बायकोला माहीत होतं, त्यांच्या वडिलांना माहीत होतं, मला माहीत होतं. कागदावर ते कुठेच नव्हतं.

नाना टँकर चालवायचे. डेपोतून पेट्रोल-डिझेल भरायचं आणि धुळ्याच्या पंपांवर खाली करायचं. जळगाव–भुसावळ रस्त्यावर झुंबरलाल शेठचं यार्ड आहे. तिथे नाना अकरा वर्षं होते. मी मराठी घेऊन एम.ए. केलं आणि तिथेच गेटवर लागलो. काम एवढंच. सकाळी ड्रायव्हर आला की त्याच्यापुढे दारू तपासायचं मशीन धरायचं, त्याने नळीत फुंकायचं, मी रजिस्टरमध्ये लिहायचं. तेल कंपनीचा नियम कडक. फुंकीत काहीही आलं की त्या दिवशी चावी नाही आणि चौकशी.

पहिल्या दिवशी नाना मला म्हणाले होते, "एम.ए. करीसन लोकांची तोंडं हुंगी राहिना का, भो?" मग स्वतःच हसले आणि मला चहाला घेऊन गेले. ते बावन्न वर्षांचे, मी चोवीसचा. तरी आमची मैत्री झाली. त्यांना बोलायला कोणी हवं होतं. पिणाऱ्यांच्या बैठकीतून उठलेल्या माणसाला संध्याकाळी कुठे बसायचं कळत नाही. ते माझ्याजवळ बसायचे.

त्यांनी दारू कशी सोडली तेही त्यांनीच सांगितलं. आबांना, म्हणजे वडिलांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला नेलं होतं. दुपारी सोडणार होते. नाना "आलोच" म्हणून बाहेर गेले आणि बसले. संध्याकाळी शुद्धीवर आले. आबा दवाखान्याच्या बाकावर डोळ्याला पट्टी बांधून तसेच बसलेले होते. कोणी विचारलं तर सांगत होते, "मन्हा पोरगा येई राहिना." म्हणजे, माझा पोरगा येतोय. नाना म्हणाले, "त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आजपण पीत असतो." त्या दिवसापासून बंद.

आबांनी मात्र लगेच विश्वास ठेवला नाही. नाना घरी आले की आबा खाटेवरून म्हणायचे, "जोडे ये." म्हणजे जवळ ये. नाना वाकायचे. आबा त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे आणि मान हलवायचे. वर्षभर हे चाललं. मग एका संध्याकाळी आबांनी बोलावलंच नाही. नाना थोडा वेळ उभे राहिले. मग आत जाऊन प्रमिला अक्कांना, म्हणजे बायकोला, म्हणाले, "आज आबांनी हुंगलं नाही." अक्का म्हणाल्या, त्या दिवशी ते जेवताना रडत होते.

त्या मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नानांनी मशीनमध्ये फुंक मारली. आकडा आला एकशे बारा.

मी मशीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काय रे?"

"नाना, मशीन दाखवतंय."

"काय दाखवतंय? मी लिधी नई. काल नाही, परवा नाही. तुन्हं मशीन बिघडलं."

मागे बारा-पंधरा ड्रायव्हर उभे होते. कोणीतरी म्हणालं, "नाना, शेवटी नवरी सासरी गेलीच ना!" सगळे हसले. सुपरवायझर प्रेमराज भाऊ केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, पुन्हा घे. नळी बदलून मी पुन्हा घेतली. मध्ये चार मिनिटं गेली असतील. आकडा आला एकसष्ट.

"दोनदा आलं. संपलं," प्रेमराज भाऊ म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. आमच्या रजिस्टरमध्ये तारीख, नाव, वेळ आणि एक रकाना होता. त्यात 'निल' किंवा 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहायचं असे. आकडा लिहायची पद्धत नव्हती. माझ्या आधी दोन वर्षं तसंच चाललं होतं. मीही तसंच चालवलं. मशीन साधं होतं. छापील चिठ्ठी देत नव्हतं. शेवटची फुंक तेवढी लक्षात ठेवायचं. नानांनंतर पंधरा जणांनी फुंकलं.

नानांचा दात दुखत होता. उजवीकडची दाढ. चार दिवसांपासून एका होमिओपॅथी डॉक्टरचे थेंब चालू होते. पंधरा थेंब पाण्यातून तीन वेळा, आणि कळ फारच आली तर कापसाचा बोळा भिजवून दाढेत. त्या सकाळी गेटबाहेर मोटारसायकल लावताना त्यांनी नवा बोळा दाबला आणि आत आले. हे मला दहा दिवसांनी कळलं. त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. ते औषध होतं. मी विचारलं नाही, कारण काय विचारायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

नाना घरी गेले नाहीत. जळगावात एका लॅबमध्ये गेले आणि म्हणाले, माझं रक्त काढा, त्यात दारू आहे का बघा. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. लॅब डॉ. रूपल जैन यांची. दुपारी रिपोर्ट मिळाला. शून्य. नाना तो रिपोर्ट घेऊन तसेच यार्डात आले. पोरासारखे पळत आले.

प्रेमराज भाऊंनी कागद वाचला. "नाना, सकाळची दारू दुपारपर्यंत रक्तात राहते का? उतरली असेल."

मी डॉक्टर रूपलना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मशीनमध्ये आकडा किती होता?"

"एकशे बारा."

"मग बघा. माणसाच्या रक्तातून तासाला साधारण पंधरा उतरतात. काहींचे वीस. पाच तासांत पंच्याहत्तर धरा, फार तर शंभर. एकशे बारा खरे असते तर माझ्या रिपोर्टमध्ये काहीतरी उरायला हवं होतं. मला काही सापडलं नाही."

मी फोन ठेवून हे सगळं प्रेमराज भाऊंना सांगितलं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडलं.

"यात एकशे बारा कुठे आहे, दाखव."

"मी पाहिलाय."

"तू त्याचा दोस्त. मी म्हणतो तीस होता. तीस दोन तासांत उतरतो, तुझी डॉक्टरच सांगते. आता बोल."

आकडा मी पाहिला होता आणि मीच लिहिला नव्हता.

प्रेमराज भाऊ वाईट माणूस नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका ड्रायव्हरला हातापाया पडल्यावर सोडलं होतं. तो पारोळ्याच्या पुढे टँकरसकट नाल्यात गेला. तेव्हापासून ते कोणाचंच ऐकत नाहीत. ते म्हणाले, "एवढीच खात्री आहे तर लघवी द्या. लघवीत तीन-तीन दिवस दिसते म्हणे. दूध का दूध होऊन जाईल."

नाना म्हणाले, "देतो. बाटली आण."

गुरुवारी सकाळी त्यांनी नमुना दिला. तो मुंबईला गेला. दारू स्वतः लघवीतून लवकर जाते, पण शरीर ती मोडताना एक पदार्थ तयार करतं आणि तो दोन-तीन दिवस, कधी थोडा जास्त, सापडत राहतो. ही तपासणी त्याची होती. त्या आठवड्यात नाना निर्धास्त होते. दाढेवर थेंब चालूच होते.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. एकशे सत्तर. त्यापुढे ठळक अक्षरांत 'आढळले'.

प्रेमराज भाऊंनी फक्त तो शब्द वाचला. कागद घडी करून खिशात ठेवला. नाना तिथेच बाकावर बसले. त्यांना राग आला नाही. ते घाबरले. मला म्हणाले, "भूषण, मी झोपेत तर उठत नसेन ना? अक्काले विचार. मी झोपेत उठून कुठे जातो का?"

मी त्यांना डॉक्टर रूपलकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहिला. त्या म्हणाल्या, या तपासणीत एकशे सत्तर हा फार लहान आकडा आहे, या लॅबची पातळी शंभरवर ठेवलेली आहे, दारू पिणाऱ्याचा प्रश्न सहसा पाचशेच्या पुढे येतो. मग विचारलं, "तुम्ही तोंडात काय काय घालता? खोकल्याचं औषध? गुळण्यांचं पाणी?"

"काही नाही. दाढेचं औषध तेवढं."

"बघू."

नानांनी शर्टाच्या खिशातून लहान बाटली काढली. ती सगळा वेळ त्यांच्या खिशात होती. गेटवर होती, केबिनमध्ये होती. डॉक्टरांनी ती उजेडात धरून लेबल वाचलं. अल्कोहोल साठ टक्के.

"मंगळवारी सकाळी हे लावलं होतं?"

"बोळा ठेवला होता."

"किती वेळ आधी?"

"आत आलो तेव्हाच."

त्या माझ्याकडे वळल्या. "दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा आकडा किती होता?"

"एकसष्ट. चार मिनिटांनी."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "रक्तातली दारू चार मिनिटांत एकाने उतरते. पन्नासने नाही. हे छातीतून आलेलं नव्हतं, तोंडातलं होतं. तुम्ही त्यांना चूळ भरायला लावायला हवी होती. बोळा काढून पंधरा-वीस मिनिटं बसवून पुन्हा फुंक घेतली असती तर शून्य आलं असतं."

पंधरा मिनिटं. त्या सकाळी यार्डात कोणालाच घाई नव्हती. लोडिंग सातला सुरू होतं.

आम्ही बाटली घेऊन झुंबरलाल शेठकडे गेलो. शेठ सत्तरीचे आहेत. मूळ मारवाडचे, पण चार पिढ्या जळगावात. मी सगळं सांगितलं. प्रेमराज भाऊ बाजूला उभे होते. ते बाटली हातात घेऊन म्हणाले, "शेठ, पूर्वी बाटली लपवून प्यायचा, आता डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पितो."

"प्रेमराज, तोंड सांभाळ," शेठ म्हणाले. मग नानांना म्हणाले, "भाईदास, मला तुझ्यावर भरोसा आहे. पण माझा भरोसा तेल कंपनीच्या फाइलमध्ये लागत नाही. फाइलला कागद लागतो. तुझ्याजवळचे दोन कागद. एक म्हणतो नाही, एक म्हणतो आहे. तिसरा आण."

तिसरा कागद केसांचा. डॉक्टर रूपलनीच सुचवलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळाजवळचा तीन सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर मागच्या तीन महिन्यांचं कळतं. अमुक दिवशी प्यायला का, हे केस सांगत नाही. पिणारा आहे की नाही, हे सांगतो. थेंबाथेंबाच्या औषधाने त्यात फरक पडत नाही.

शेठ म्हणाले, "मला एक दिवस नकोच. मला माणूस कळला पाहिजे. केस साफ आले तर दुसऱ्या दिवशी चावी देतो."

मुंबईच्या लॅबचा माणूस महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी जळगावात येतो. नमुना त्यानेच कापायचा, त्यानेच सील करायचं, समोर सही घ्यायची. दुसऱ्या कोणी कापलेला केस चालत नाही. आम्हाला तिसरा शनिवार मिळाला. अजून अकरा दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी आबा गेले. चार दिवसांसाठी गावाकडे गेले होते, तिथेच झोपेत वारले. त्यांना नानांच्या चौकशीतलं काही सांगितलेलं नव्हतं.

मोठा मुलगा म्हणून अग्नी नानांनी दिला. दहावा शुक्रवारी येत होता. दहाव्याला मुलाने डोकं आणि मिशी उतरवायची. शनिवारी केस कापायला माणूस येणार.

हे माझ्या लक्षात दहाव्याच्या आधीच्या बुधवारी आलं. मी लॅबला फोन केला. माणूस आधी येत नाही म्हणाले. पुढचा फेरा कधी ते विचारलं. पंधरा दिवसांनी. तोवर डोक्यावर कोवळे कोंब असतील, तीन महिने नसतील. डॉक्टर रूपल म्हणाल्या, छातीचे, पायाचे केस घेता येतात, पण त्यावरून महिना सांगता येत नाही, वाद राहतो. मग मुंबईच्या लॅबला विचारून म्हणाल्या, "तुमच्याकडे शेंडी ठेवतात ना? नमुना तिथूनच घेतात. डोक्याच्या मागे, वरच्या बाजूला. पेन्सिलीएवढी जाड बट पुरे. ती राहिली तर काम होईल."

मी शुक्रवारी पहाटेची एस.टी. धरून धुळ्याला गेलो, तिथून गावी. पांझरेच्या काठावर सगळी भाऊबंदकी जमली होती. नाना उघड्या अंगाने न्हाव्यासमोर बसले होते. अर्धं डोकं झालं होतं. मी जवळ जाऊन बसलो आणि हळू म्हणालो, "नाना, शेंडी जाड ठेवायला सांगा. पेन्सिलीएवढी. उद्यासाठी."

नानांनी मान हलवली. न्हाव्याला म्हणाले, "शेंडी मोठी ठेव, भाऊ."

"किती मोठी?"

मी बोटांनी दाखवलं. न्हावी हसला. "ही शेंडी शे का खराटा?"

लोक वळून बघू लागले. नानांचे चुलते वना आबा जवळच होते. त्यांना कमी ऐकू येतं. ते मोठ्याने म्हणाले, "हाई पोरगं कोण शे? शेंडीमा काय करस?"

मी उभा राहिलो. मला वाटलं, खरं सांगितलं की समजतील. मी म्हणालो, "आबा, नानांच्या केसांची तपासणी आहे. उद्या. त्यांनी दारू घेतलेली नाही हे त्यातून सिद्ध होणार आहे. नोकरीसाठी."

त्यांना ऐकू यावं म्हणून मी ते मोठ्याने म्हणालो.

मग कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, सोडली होती ना? कोणी म्हणालं, अशी सुटते का. मागून एक बाई म्हणाली, म्हातारा याच्याच काळजीनं गेला. नाना खाली मान घालून बसून होते. न्हाव्याचा वस्तरा चालू होता. शेंडी राहिली. पेन्सिलीएवढी.

मग पिंड ठेवले. सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे झाडावर होते. खाली येत नव्हते. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ऊन वाढलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिलेली असते. लोक एकेक इच्छा बोलू लागले. धाकट्या नातीचं लग्न नीट करू. विहिरीचं काम पुरं करू. कावळा आला नाही.

वना आबा म्हणाले, "भाईदास, तुले माहीत शे आबाची इच्छा काय व्हती. बोल."

नानांनी शेंडीवरून हात फिरवला.

"बोल ना. बठ्ठा लोके उन्हात उभे शेतस."

प्रमिला अक्का बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. "त्यांनी सोडली आहे," त्या म्हणाल्या. "सोळा महिने झाले." त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

नाना पुढे गेले. हात जोडले. सोळा महिने न प्यायलेला माणूस पिंडासमोर म्हणाला, "आबा, आजपासून मी दारू सोडतो."

एक कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

"बघा," कोणीतरी म्हणालं. लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. वना आबांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं आपण एका माणसाला वाचवलं. आता कोणाचा कागद हवा होता? मशीन खोटं ठरलं असतं, लॅब खोटी ठरली असती. कावळा कोण खोटा ठरवणार.

शनिवारी नाना वेळेवर आले. मुंबईच्या माणसाने शेंडी हातात धरून मोजली, मुळाशी कापली, मुळाची बाजू खूण करून कागदात ठेवली, सील केलं. नानांनी सही केली. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. मला तेव्हा काही वाटलं नाही.

बारा दिवसांनी रिपोर्ट थेट शेठकडे आला. काहीही आढळले नाही. मागच्या तीन महिन्यांत मद्य न घेतल्याशी सुसंगत. शेठने प्रेमराज भाऊंना बोलावून तो मोठ्याने वाचून दाखवला. प्रेमराज भाऊ म्हणाले, "मग माझी चूक झाली," आणि मला म्हणाले, "जा, सांगून ये. उद्या सकाळी सहा दहाला हजर राहा म्हणावं. उद्या आला नाही तर गाडी दुसऱ्याला द्यावी लागेल, ट्रिप लागलेली आहे."

मी चार वाजता नानांच्या घरी पोचलो. दार उघडं होतं. अक्का उंबऱ्यात बसून होत्या. त्यांनी मला पाहून नुसतं आत बोट दाखवलं.

नाना आबांच्या खाटेवर बसले होते. खाली बाटली होती. क्वार्टर, रिकामी. ग्लासात एक घोट उरला होता.

"ये, भो," ते म्हणाले. "काय लायनास?"

मी कागद दिला. त्यांनी तो दूर धरून वाचला. मग अक्कांना हाक मारली. "ऐक. मी पीत नाही. मुंबईहून लिहून आलं."

अक्का उठल्या नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दहाव्याच्या संध्याकाळपासून." ते शांत होते. "सोळा महिने सोडली, कोणी मानलं नाही. नदीवर एकदा सोडतो म्हणालो, बठ्ठास्नी मानलं. मग म्हटलं, मानलंच आहे तर पिऊ."

"मग केसात कसं आलं नाही?"

"तूच सांगितलंस ना, मागचे तीन महिने. आदल्या रात्रीची केसात कुठून येईल? ती आत होती अजून. वर यायला वेळ लागतो."

बरोबर होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डॉक्टर रूपल मला समजावत होत्या तेव्हा ते बाजूला बसून ऐकत होते.

मी म्हणालो, "नाना, उद्या सहा दहाला बोलावलंय. उद्या नाही तर गाडी गेली."

ते पहिल्यांदा हलले. ग्लासाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "किती राहील?"

मला जे म्हणायला हवं होतं ते मी म्हणालो नाही. मला त्यांची नोकरी दिसत होती. मी हिशोब केला. एक क्वार्टर, दुपारी एकपासून. आता शंभरच्या आसपास असेल. तासाला पंधरा. सात तास, जास्तीचे दोन-तीन धरू.

"आता थांबलात तर मध्यरात्रीनंतर काही राहणार नाही," मी म्हणालो. "सकाळी सहाला शून्य येईल."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी उरलेला घोट मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी मी मशीनसोबत नवं रजिस्टर ठेवलं. मीच आखलं होतं. आकड्याचा रकाना, वेळेचा रकाना, चूळ भरली का याचा रकाना, दुसऱ्या फुंकीचा रकाना. नाना आले. डोक्यावर कोवळे केस, मिशी फुटायला लागलेली. चूळ भरली. पंधरा मिनिटं बाकावर बसले. फुंकले. शून्य. मी लिहिलं. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमराज भाऊंनी स्वतः चावी आणून दिली आणि माफी मागितली. नाना माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "तुन्हा हिशोब खरा शे, भो." आणि टँकर घेऊन धुळ्याला गेले.

केसांचा रिपोर्ट शेठने फ्रेम करून केबिनमध्ये लावला आहे. नवा ड्रायव्हर आला की प्रेमराज भाऊ तो दाखवतात. याला म्हणतात माणूस, म्हणतात. कोणीही येऊन तपासा.

नाना आता ठरवून पितात. सहाची ड्यूटी असली की आदल्या दिवशी चारला बंद. पाचची असली की तीनला. जास्त झाली तर तेवढे तास मागे सरकतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी घड्याळ बघत नाहीत. पूर्वी ते हे कधी मोजत नव्हते, म्हणून घाबरत होते, आणि घाबरत होते म्हणून सोडता आली. मी त्यांची भीती काढली. अक्का माझ्याशी बोलत नाहीत.

त्यानंतर मी सात महिने गेटवर होतो. रोज सकाळी त्यांची फुंक घेतली, पंधरा मिनिटं बसवून, आकडा बघून, वेळ लिहून. माझ्या अक्षरात दीडशेच्या वर नोंदी आहेत. सगळी शून्यं. एकही खोटं नाही.